वितरकाला एकच लॉगिन द्यायचं की त्याच्या प्रत्येक माणसाला?

नागपुरातल्या एका कंपनीच्या वितरक-पोर्टलचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा प्रत्येक फर्मला एकच लॉगिन होतं. वाडीच्या एका गोदामात मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली होती, वर वितरक कोड आणि खाली पासवर्ड. मालक, हिशेब पाहणारे मुनीमजी आणि ऑर्डर टाकणारा मुलगा, तिघंही त्याच लॉगिनने काम करत.

ही पद्धत सुरू करायला सोपी आहे, हे खरं. भंडाऱ्याकडचा एखादा वितरक सगळं एकट्यानेच पाहत असेल, तर त्याला काही अडतही नाही. घोळ होतो तो माणूस सोडून गेल्यावर.

वाडीत तेच झालं. दिवाळीच्या तोंडावर मुलाने काम सोडलं. मालकांनी त्याच दिवशी पासवर्ड बदलला. आठवड्याने ४० पेट्यांची ऑर्डर पडली, क्रेडिट लिमिट भरलं आणि त्यांची खरी ऑर्डर अडकली. “पासवर्ड तर मी स्वतः बदलवला होता, भाऊ,” ते मला म्हणाले. बदलला होताच. पण नोंदणीच्या दिवशी काउंटरवर मुलगा होता, म्हणून खात्याला नंबर त्याचा जोडलेला. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की ओटीपी त्याच्याच फोनवर. शिवाय लॉगमध्ये फक्त वितरक कोड दिसत होता. ऑर्डर त्या मुलानेच टाकली की मुनीमजींच्या हातून चुकून पडली, हे मी सांगू शकलो नाही. पुरावा नसताना त्या पोरावर आळ आला, ते मला आजही खटकतं.

दुसरी पद्धत म्हणजे माणसागणिक खातं. इथे बहुतेक जण भूमिका थेट माणसाला चिकटवतात, आणि तिथेच फसतात. इतवारीत एकच अकाउंटंट तीन फर्मची वही पाहतो. एका घरातल्या दोन फर्मचे जीएसटी नंबर वेगळे, पण मालक तोच. म्हणून भूमिका माणूस आणि फर्म यांच्या जोडीवर ठेवावी:

```
user_id | distributor_id | role
   51   |      147       | accounts
   51   |      162       | accounts
   88   |      147       | owner
```

माणूस गेला की मालक त्याची ओळ बंद करतो. बाकीच्यांचे पासवर्ड जसेच्या तसे राहतात आणि जुन्या ऑर्डरवर त्याचं नावही टिकतं. भूमिका तीनच पुरतात: मालक, ऑर्डर, हिशेब. आठ-दहा केल्या की मालक कंटाळून सगळ्यांनाच ‘मालक’ करून टाकतात.

आता रिसेट. ईमेलची लिंक ओटीपीपेक्षा भक्कम, कारण तिच्यातला टोकन लांबलचक असतो, अंदाजाने सापडत नाही. पण आपल्याकडे फर्मचा ईमेल बरेचदा सीएच्या ऑफिसने काढून दिलेला असतो, मालक तो उघडतच नाहीत. शिवाय काही मेल-सर्व्हर तपासणीसाठी लिंक आधीच उघडून पाहतात. उघडताच टोकन बाद होत असेल, तर माणसाला पहिल्याच क्लिकला ‘लिंकची मुदत संपली’ दिसतं. टोकन बाद करायचा तो नवा पासवर्ड सबमिट झाल्यावरच.

मोबाइल प्रत्येकाच्या हातात असतो, म्हणून रोजच्या वापराला मी ओटीपीच निवडेन. सहा अंकी ओटीपीच्या शक्यता मात्र फक्त १० लाख. प्रयत्नांना मर्यादा नसेल तर स्क्रिप्ट तो शोधून काढते. पाच चुकांनंतर ओटीपी रद्द, मुदत दहा मिनिटं, एवढं हवंच. एसएमएसचा मजकूर डीएलटीवर मंजूर टेम्प्लेटशी जुळायला हवा, नाहीतर ऑपरेटर तो अडवतो आणि तक्रार ‘ओटीपी येत नाही’ अशी येते. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, हेही धरून चाला.

तिसरा मार्ग, सेल्स ऑफिसरला फोन करून रिसेट. तो फक्त मालकाच्या खात्यासाठी ठेवा, तेही करारनाम्यावरच्या नंबरवर आपण उलट फोन लावून. फोनवर पासवर्ड सांगायचा नाही, एकदाच चालणारी लिंक पाठवायची.

मार्ग कोणताही असो, रिसेट होताच त्या खात्याची आधीची सगळी सेशन्स बंद व्हायला हवीत. वाडीत मालकांनी पासवर्ड बदलल्यावरही मुलाच्या फोनमधलं पोर्टल चालूच राहिलं असतं, कारण आमच्या सिस्टिममध्ये ही सोय नव्हती.

माझा कौल माणसागणिक खात्याला, एकट्या वितरकासाठीही. त्याला तक्त्यात एकच ओळ लागते, आणि उद्या त्याने मुलगा ठेवला तर दुसरी. जुनं सामाईक लॉगिन महिनाभर फक्त पाहण्यापुरतं चालू ठेवा, ऑर्डरचं बटण मात्र पहिल्याच दिवशी काढा. आणि मोबाइल नंबर बदलला की जुन्या नंबरवरही एसएमएस जाऊ द्या.