सातवीचा 60 मुलांचा वर्ग: एआय शिकवणी की पातळीनुसार गट?

माझ्या मुख्याध्यापक मैत्रिणीपुढे पेच आहे. सातवीत 60 मुलं आणि पैसे एकाच गोष्टीपुरते. एआय शिकवणीचे टॅब घ्यावेत, की मदतनीस नेमून ‘प्रथम’ संस्थेसारखे पातळीनुसार गट करावेत?

चूक शोधण्यात टॅब सरस. 52 – 38 चं उत्तर 26 लिहिणारं मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं. 71 – 45 ला 34 आलं की खात्रीच पटते, हातचा कळलेला नाही. 60 वह्यांत हे हुडकायला शिक्षकाला तास पुरत नाही. चांगली प्रणाली ते लगेच पकडून मुलाला खालच्या इयत्तेच्या वजाबाकीवर नेते.

टिकून शिकण्यात मात्र गट सरस. टॅबवर मुलं अंदाजाने पर्याय दाबत सुटतात. दोन-तीन सेकंदांत उत्तरं येऊ लागली की समजावं. दहा काड्यांची जुडी सोडून हातचा दाखवणं, चार दिवस न आलेल्या मुलाच्या घरी जाणं, हे माणसाचंच काम. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकावरच्या शिकवणीच्या अभ्यासात साडेचार महिन्यांत गणित चांगलं सुधारलं, पण तिथेही 90 मिनिटांतला अर्धा वेळ छोट्या गटात मदतनीस शिक्षकासोबत जायचा.

खर्चात टॅबची दुरुस्ती धरावीच लागते, गटांना दरमहा मानधन.

वाचताच न येणारी मुलं जास्त असतील, तर गट. वाचता येतं, पण पातळ्या फार विखुरलेल्या आहेत आणि टॅबच्या तासाला वर्गात शिक्षक थांबणार आहे, तर टॅब.