समर प्रोजेक्टच्या नावाखाली 20,060 रुपयांना गंडा

आधी आकडा सांगते. 20,060 रुपये. ‘रजिस्ट्रेशन’चे 2,360 आणि मग ‘बेंच फी’चे, म्हणजे लॅब वापरण्याच्या फीचे, 17,700. दोन्हींत 18 टक्के जीएसटी व्यवस्थित धरलेला, पीडीएफ पावतीसकट. बाबांच्या पगारातून गेलेत आणि आमच्या घरात ही रक्कम किरकोळ नाही.

मी मुंबईत एमएस्सी बायोटेकच्या पहिल्या वर्षाला आहे. मे-जूनमध्ये जीनोमिक्स लॅबमध्ये काम मिळावं म्हणून एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं. शंभर जणांना एकच मजकूर ढकलला, असलं पत्र नव्हतं ते. क्लेब्सिएला या जिवाणूवरचा त्यांचा पेपर नीट वाचला होता, त्यातला सगळा डेटा एनसीबीआय या सार्वजनिक डेटाबेसवर खुला आहे हेही पाहिलं होतं. मी विचारलं होतं की, जिवाणूवर कार्बापेनेम अँटिबायोटिक्स चालू न देणारा एनडीएम जीन प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यावर आहे की क्रोमोसोमवर, हे शॉर्ट रीड्सवरून, म्हणजे डीएनए छोट्या तुकड्यांत वाचून, खात्रीने कसं सांगता येईल? त्या जीनच्या आजूबाजूला असे तुकडे असतात जे जीनोममध्ये इतरत्रही सापडतात. रीड त्यांच्यापेक्षा आखूड पडतो आणि असेम्ब्ली, म्हणजे रीड्सची जोडणी, नेमकी तिथेच तुटते. तुमचाच डेटा घेऊन मी यावर काम करू का? सगळं काम कॉम्प्युटरवरचं.

पाठवण्याआधी हे पत्र सीव्हीसकट टेलिग्रामवरच्या एका इंटर्नशिप ग्रुपच्या अॅडमिनला दाखवलं. ‘दे, करेक्शन करून देतो’ म्हणाला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पत्र आणि सीव्ही प्राध्यापकांशिवाय कुणालाही देऊ नका. तपासून हवं असेल तर कॉलेजच्या मॅडम आहेत.

काही दिवसांनी ‘सरांचा’ मेल आला. निवड झाली, अभिनंदन, जागा दोनच आहेत, रजिस्ट्रेशन आजच करा. ते केल्यावर बेंच फीचा तक्ता आला: डीएनए एक्स्ट्रॅक्शन किट, पीसीआर रिएजंट, ग्लोव्ह्ज, टिप्स.

त्या तक्त्याशी माझं डोकं अजून अडकलंय. मी मागितलं होतं कॉम्प्युटरवरचं काम. त्याला पीसीआरचे रिएजंट कशाला लागतात? आणि माझ्या प्रश्नाबद्दल एक अक्षर नाही! ज्या माणसाने या जिवाणूवर काम केलंय तो प्लाझ्मिडच्या प्रश्नावर किमान एक ओळ लिहील, ‘आम्ही लाँग रीड्स केलेत’ किंवा ‘आधी हे वाच’ म्हणेल. इथे फक्त ‘युअर इंटरेस्ट इन जीनोमिक्स इज इम्प्रेसिव्ह’. पण मला वाटलं, शॉर्ट रीड्स पुरत नाहीत हे मीच लिहिलंय, म्हणजे सर लाँग रीड्स करणार असतील. त्यासाठी पुन्हा डीएनए काढावाच लागतो, किट महाग असतं. हा विचार चुकीचा नव्हता, विषय माहीत असलेला कुणीही तोच करेल.

जीमेलचा पत्ता दिसला नाही का, असं सगळे विचारतात. मोबाइलवर फक्त नाव दिसतं. शिवाय आपल्याकडे कितीतरी प्राध्यापक जीमेलच वापरतात. बघायचं ते हे की, खरं उत्तर बहुतेक वेळा तुमच्याच मेलच्या खाली येतं. हा मेल नवाकोरा होता. पेपरवर छापलेला पत्ता काढून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. काही संस्था बेंच फी खरंच घेतात, पण ती संस्थेच्या खात्यात जाते. यूपीआयवर एखाद्या बाईचं किंवा बाप्याचं नाव दिसलं की तिथेच थांबा. मला ‘ते अकाउंट्स ऑफिसर आहेत’ असं सांगितलं होतं.

हॉस्टेल डिपॉझिटचे 6,000 मागितले तेव्हा मी डिपार्टमेंटच्या लँडलाइनवर फोन केला. सरांनी यंदा कुणालाच घेतलेलं नाही. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, आमचा काही संबंध नाही. अहो, तुमच्या प्राध्यापकांच्या नावाने पैसे उकळले जातायत, वेबसाइटवर दोन ओळींची सूचना लावायला काय जातं?

बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, सायबरला जा. पोलीस स्टेशनात म्हणाले, बँकेकडून लिहून आणा. मग म्हणाले, खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, ते आमच्या हद्दीत येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यायची. हे मी बोलून दाखवलं तर साहेब म्हणाले, ‘ताई, लॉ करता का?’ शेवटी साधा अर्ज घेतला, एफआयआर नाहीच. वर बाबांनाच ऐकवलं, मुलीच्या हातात एवढे पैसे देताच कशाला! बाबा गप्प उभे होते. फसवणारा मोकाट आणि जाब आम्ही द्यायचा?

पैसे गेले असतील तर असे खेटे घालण्याआधी 1930 ही सायबर हेल्पलाइन लावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका. व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवणं सोपं जातं. माझे तोवर सरकले होते. त्या ग्रुपवर मी प्रश्न टाकला तर मलाच काढून टाकलं, आणि ग्रुप अजून चालू आहे.