गॅलरीतला क्यूआर अॅपने नाकारला, मी दुसऱ्या फोनवरून स्कॅन केला आणि ९,००० गेले

परळला पेशंट घेऊन येणाऱ्यांसाठी आणि त्यांच्यासाठी इथे मुंबईत बसून खोली शोधणाऱ्यांसाठी लिहितोय. जरा लांबलंय पण पूर्ण वाचा, कारण मला माझ्या अॅपने वेळेवर अडवलं होतं आणि मी ते अडवणंच बाजूला सारून पैसे पाठवले.

माझे मामा कणकवलीला असतात. डिसेंबरात त्यांची ट्रीटमेंट परळला सुरू व्हायची होती, साधारण वीस दिवस रोज हॉस्पिटलला जायचं. आम्ही राहतो कांजूरमार्गला, वन रूम किचन, आम्ही चौघं, आणि मामांना त्या अवस्थेत रोज लोकलच्या गर्दीतून न्यायचं म्हणजे शक्यच नव्हतं. म्हणून हॉस्पिटलच्या जवळ खोली बघायला लागलो. दोनतीन ठिकाणी फोन केले, सगळीकडे वेटिंग. मग नेटवर शोधताना एका धर्मशाळेच्या नावाने एक मोबाईल नंबर मिळाला, लावला तर माणूस मराठीतच बोलला, अगदी आपुलकीने, पेशंट कोण, कुठून येताय, जिना चढता येतो का, असं सगळं विचारलं. मला तर बरं वाटलं की कोणीतरी नीट ऐकून घेतंय. म्हणाला ४५० रुपये रोज, वीस दिवसांचे ९,००० आधी भरा, खोली दोनच उरल्यात, संध्याकाळपर्यंत ठेवतो.

पाच मिनिटांत व्हॉट्सअॅपवर क्यूआरचा स्क्रीनशॉट आला. वर धर्मशाळेचं नाव, दिव्याचं चित्र, खाली पत्ता परळचा, मधे क्यूआर. मी तो सेव्ह केला, पेमेंट अॅप उघडलं, स्कॅनरमधे गॅलरीचं बटण असतं त्यातून फोटो निवडला. कोड वाचला गेला, रक्कम टाकायचा बॉक्स आला, ९,००० टाकले आणि अॅपने नकार दिला. गॅलरीतून घेतलेल्या क्यूआरवर २,००० च्या वर पाठवता येणार नाही अशा अर्थाचा मेसेज होता. मग बँकेचं अॅप उघडलं तर त्यात गॅलरीचं बटणच नाही, फक्त कॅमेरा.

मी त्या माणसाला फोन केला, अॅप घेत नाही म्हणून सांगितलं. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "दादा ते अॅपवाल्यांचं रोजचंच आहे, घरात दुसरा फोन असेल ना, वहिनींच्या फोनवर फोटो पाठवा, तो उघडून ठेवा आणि तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा, होऊन जातं." हे वाक्य लक्षात ठेवा. तेव्हा मला ते मदत केल्यासारखं वाटलं, आता कळतं की त्याने हे वाक्य रोज दहा जणांना म्हटलेलं असणार.

बायकोच्या फोनवर फोटो उघडला, माझ्या कॅमेऱ्याने स्कॅन केला, आणि खरंच झालं, कुठलीही लिमिट नाही काही नाही. स्क्रीनवर नाव मात्र धर्मशाळेचं नव्हतं, एका माणसाचं होतं, नाव आडनाव. बायको म्हणाली सुद्धा, "अहो हे नाव वेगळंच आहे." मी परत विचारलं, तो म्हणाला आमच्या मॅनेजरचं खातं आहे, ट्रस्टच्या खात्याचं ऑडिट चालू आहे. मी पिन टाकला. ९,००० गेले. अर्ध्या तासाने अजून ५,००० डिपॉझिट मागितलं, ते परत मिळतं म्हणाला, आणि तेव्हा कुठे मला खटकलं. मी म्हटलं उद्या तिथे येऊन कॅश देतो. फोन कट, नंतर नंबर बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मामी तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरले, त्यांना घेऊन सरळ त्या पत्त्यावर गेलो. धर्मशाळा खरी आहे, तिथले कारकून भले माणूस, त्यांनी रजिस्टर दाखवलं, म्हणाले आम्ही फोनवर बुकिंग घेतच नाही, हॉस्पिटलचं कार्ड बघून इथेच पावती फाडतो, तुमच्यासारखे या महिन्यात आधीही आलेत. मामा बाहेर बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना काय सांगायचं तेच कळेना.

आता अॅपने नकार का दिला ते सांगतो, हे मला माझ्या चुलतभावाने समजावलं, तो पेमेंटच्याच लाईनमधे आहे. त्याने पेमेंट अॅप न वापरता फोनच्या साध्या क्यूआर रीडरने तोच फोटो वाचून दाखवला. आत फक्त एक ओळ असते, साधारण अशी (पत्ता मी बदललाय):

```
upi://pay?pa=abcd1234@xyz&pn=Dharmashala%20Booking&cu=INR
```

यातलं `pa` म्हणजे पैसे जिथे जाणार तो यूपीआय आयडी. `pn` म्हणजे नाव, पण ते कोड बनवणाऱ्याने स्वतः टाईप केलेलं असतं, तिथे तो काहीही लिहू शकतो. आणि दिव्याचं चित्र, पत्ता, बोर्ड हे तर कोडमधे नसतंच, ते नुसतं भोवती चिकटवलेलं चित्र. म्हणजे खऱ्या धर्मशाळेच्या बोर्डाच्या मधे कोणाचाही कोड बसवता येतो, दहा मिनिटांचं काम आहे.

दुकानात काउंटरवर लावलेला क्यूआर आपण कॅमेऱ्याने स्कॅन करतो तेव्हा आपण तिथे उभे असतो, दुकान समोर असतं, दुकानदार समोर असतो, स्पीकरवर पैसे आल्याचं तो ऐकतो. गॅलरीतल्या फोटोचं तसं नाही, तो कुठूनही फिरत आलेला असू शकतो, एकच फोटो शंभर जणांना पाठवता येतो. म्हणून फोटोतून वाचलेल्या कोडला २,००० ची मर्यादा ठेवलीय, आणि काही अॅपनी तर ती सोयच दिलेली नाही. कोड कॅमेऱ्यातून आला की गॅलरीतून हे अॅपला माहीत असतं, कारण फोटो आपणच त्याच्या हातात दिलेला असतो. पण कॅमेऱ्यासमोर भिंतीवरचा स्टिकर आहे की बायकोच्या मोबाईलची स्क्रीन, हे अॅपला कळत नाही. तिथेच तो माणूस घुसला. दुसऱ्या फोनची युक्ती सांगून त्याने माझ्या पेमेंटला काउंटरवरचं पेमेंट बनवलं आणि मर्यादा निघून गेली. चुलतभाऊ म्हणाला काही जण दोन दोन हजार करून पाच वेळा पाठवायला लावतात, तेही त्याच कारणाने. आणि २,००० च्या आतली रक्कम जाते म्हणून समोरचा खरा आहे असं अजिबात नाही, अॅप तिथे फक्त नुकसान लहान ठेवतं.

एक फरक मात्र समजून घ्या, कारण प्रत्येक वेळी नकार म्हणजे फ्रॉड असं नसतं. स्क्रीनशॉट कापताना कोडचा कोपरा गेला, किंवा भोवतीची पांढरी पट्टी राहिली नाही, किंवा फॉरवर्ड होऊन होऊन फोटो पुसट झाला तर अॅप म्हणतं कोड वाचता येत नाही. एखाद्या वेबसाईटवरचा त्या एका बिलापुरता बनलेला कोड असेल तर काही मिनिटांनी त्याची मुदत संपते, मग जुन्या स्क्रीनशॉटवर पेमेंट होत नाही. अशा वेळी नवीन कोड मागितला की काम होतं. पण कोड वाचला गेला, रक्कम टाकली आणि मग रकमेवरून अडलं, तर कोडात बिघाड नसतो, अडवलेलं असतं ते फोटोतून पैसे पाठवण्याला. तिथे थांबून खऱ्या ठिकाणी फोन करायचा किंवा माणूस पाठवायचा, आणि तो फोन नंबर त्या जाहिरातीतला नको.

आणि ते नाव. ३० जून २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने सगळ्या अॅपना सांगितलंय की पेमेंट करताना बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं, क्यूआरमधून उचललेलं नाही. म्हणून तर माझ्या स्क्रीनवर `Dharmashala Booking` न येता त्या माणसाचं नाव आलं. म्हणजे अख्ख्या व्यवहारात खरी असलेली एकच गोष्ट माझ्या डोळ्यासमोर होती, माझ्या बायकोने ती वाचून दाखवली, आणि मी एका अनोळखी माणसाच्या शब्दावर ती सोडून दिली. याचं मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटतं.

पैशाचं काय झालं ते सांगतो. मी सायबर फ्रॉडच्या १९३० हेल्पलाईनवर फोन लावला पण दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे जवळजवळ वीस तासांनी, कारण आधी मामांची सोय करायची होती. त्यांनी बारा आकडी यूटीआर नंबर विचारला, तो अॅपच्या हिस्टरीत त्या पेमेंटवर टॅप केलं की दिसतो. मग cybercrime.gov.in वर तोच स्क्रीनशॉट, चॅट आणि नंबर टाकून तक्रार पूर्ण केली, बँकेतही लेखी दिलं. बँकेतल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की पिन तुम्ही स्वतः टाकलाय त्यामुळे बँक स्वतःहून भरपाई देणार नाही, समोरच्या खात्यात उरलं असेल तेवढं गोठवता येईल. उरले होते ३,२००. बाकीचे त्याच संध्याकाळी काढले होते. मी रात्रीच फोन केला असता तरी संध्याकाळी काढलेले परत आले नसते, पण दुपारी, बायको बोलली तेव्हाच थांबलो असतो किंवा पैसे गेल्यावर लगेच फोन केला असता तर वेगळं झालं असतं. ते ३,२०० सुद्धा अजून हातात आलेले नाहीत, प्रोसेस चालू आहे.

मामा पहिले चार दिवस आमच्याकडेच राहिले, मी आणि बायको बाहेर पॅसेजमधे झोपायचो. पाचव्या दिवशी त्याच धर्मशाळेत रीतसर खोली मिळाली, त्या कारकुनांनीच फोन केला, पावती तिथे काउंटरवर फाडली. तिथे टेबलावर क्यूआरचा स्टँड आहे, मी स्कॅन केला तर स्क्रीनवर ट्रस्टचं नाव आलं, मामींना पण दाखवलं.

ती जाहिरात काल परत दिसली. नंबर बदललाय, बोर्डाचा फोटो तोच आहे, दिवा पण तोच. नवीन नंबर मी तक्रारीत जोडायला दिलाय. तुमच्यापैकी कोणी परळला खोली शोधत असेल आणि फोनवरचा माणूस म्हणाला की वहिनींच्या फोनवर फोटो उघडा, तर तिथेच फोन ठेवा.