मेलामाइन म्हणून विकलेल्या वाट्या आणि उकळता तांबडा रस्सा

आमच्या घरगुती खानावळीसाठी कोल्हापुरातील एका घाऊक दुकानातून आम्ही पांढऱ्या वाट्या आणि ताटे घेतली, तेव्हा विक्रेत्याने ठामपणे सांगितले होते, "शंभर टक्के मेलामाइन आहे, उकळता रस्सा ओता, काही होत नाही." या वाक्यातले दोन्ही दावे खोटे होते. माल मेलामाइनचा नव्हता, आणि खरे मेलामाइन असते तरी त्यात उकळता रस्सा ओतणे योग्य ठरले नसते.

बिघाड कसा दिसू लागला ते सविस्तर सांगतो, कारण ओळख तिथेच पटते. कोरडी भाकरी आणि भात वाढायची ताटे चकचकीत राहिली, पण वाट्यांच्या आतील बाजूला रस्सा जिथपर्यंत चढतो तिथपर्यंतच चमक गेली, आणि त्या रेषेच्या वर वाटी नव्यासारखीच होती. पुढे तळाशी तिखटाचा तांबूस डाग बसला, जो साबणाच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवूनही निघेना. कडक पाणी ओतले की नाकाला झोंबणारा वास येऊ लागला, तेव्हा मात्र आम्ही त्या वाट्या वाढपातून काढून टाकल्या.

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे साचे करणाऱ्या एका परिचितांनी वाटी पाहून कारण सांगितले. मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून होणारी राळ, म्हणजे ज्याची भांडी दाबतात ते कडक प्लास्टिक, महाग असते. युरिया आणि फॉर्माल्डिहाइडची राळ स्वस्त पडते. काही जण भांडे युरियाच्या भुकटीचे दाबतात आणि वरून फक्त मेलामाइनचा पातळ थर चढवतात. नवी भांडी शेजारी ठेवली तर रंग, वजन आणि चमक यांवरून फरक कळत नाही. पण युरियाच्या राळेतील बंध गरम पाण्याने, आणि त्यात आंबट असेल तर अधिकच वेगाने, तुटतात व फॉर्माल्डिहाइड सुटू लागते. झोंबणारा वास त्याचाच असतो. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही एक वाटी आणि घरातील जुनी, खात्रीची मेलामाइनची बशी थोडे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळली. खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या आणि दोन्ही वस्तू नंतर टाकून दिल्या. बशी जवळपास तशीच राहिली. वाटी मात्र निस्तेज आणि खरखरीत झाली, व बोट फिरवल्यावर खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागली.

खऱ्या मेलामाइनलाही मर्यादा आहे, आणि ती विक्रेते सांगत नाहीत. साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंतचे अन्न वाढण्यासाठी ते ठीक आहे; अन्न त्यात शिजवू किंवा तापवू नये, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच ठेवू नये, कारण तिथे भांडे स्वतःच तापते. चुलीवरून उतरलेला रस्सा या मर्यादेच्या बराच वर असतो. टोमॅटो, चिंच, आमसूल किंवा लिंबू यांनी आंबट झालेला पदार्थ गरम असेल आणि बराच वेळ भांड्यात राहिला, तर राळेतून मेलामाइन अन्नात उतरण्याचे प्रमाण वाढते. तैवानमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेलामाइनच्या वाडग्यातून गरम नूडल सूप घेतलेल्या माणसांच्या लघवीत चिनी मातीच्या वाडग्यातून घेतलेल्यांपेक्षा मेलामाइन जास्त आढळले. म्हणूनच मिसळीचा कट आणि रस्से आता आम्ही स्टीलच्या वाट्यांतच वाढतो. थंड सोलकढी तेवढी मेलामाइनमध्ये देतो, पण तीही त्यात रात्रभर ठेवत नाही.

चांगले भांडेही कायम टिकत नाही. तारेच्या घासणीने वरचा थर झिजतो आणि चमक गेल्यावर अन्न आतल्या भागाला लागते. निस्तेजपणा, न निघणारा डाग, केसासारख्या बारीक तडा, टवका उडालेली कड, फुगलेला किंवा पिवळा पडलेला भाग, आणि गरम पाण्याने येणारा वास, यांपैकी एक जरी दिसले तरी ते भांडे अन्नासाठी वापरू नये. आमच्या मते वासाला सर्वाधिक महत्त्व द्यावे, कारण डाग एखाद्या चांगल्या ताटालाही पडू शकतो.

दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. बिलावर केवळ 'क्रॉकरी' असे लिहिलेले असल्याने मेलामाइनचा दावा केलाच नव्हता, असे तो म्हणू लागला. खरेदी करताना बिलावर 'मेलामाइन' हा शब्द आणि उत्पादकाचे नाव लिहून घ्यावे, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना हाती काही पुरावा राहतो. बाद झालेली भांडी मात्र कचऱ्यासोबत जाळू नयेत. ही राळ पुन्हा वितळत नाही, त्यामुळे भंगारवालेही ती सहसा घेत नाहीत, पण जाळल्यास तिच्यातून विषारी वायू निघतात.