सभामंडपात ऐकू येण्यासाठी: लूप, रिसीव्हर की पडद्यावरची अक्षरं?

आमची आत्या दोन्ही कानांना मशीन लावते. घरात तिच्याशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही. पण कॉलनीतल्या विठ्ठल मंदिरात गुरुवारच्या कीर्तनाला बसली की म्हणते, "बुवा बोलतायत एवढं कळतं, काय बोलतायत ते कळत नाही." मंडळाने मध्यंतरी मोठे स्पीकर आणले आणि तिला आणखीच कमी कळायला लागलं.

मशीनचा माइक आत्याच्या कानाशी असतो, बुवांच्या तोंडाशी नाही. समोरासमोरच्या गप्पांना ते ठीक. मंडपात मात्र त्या माइकवर थेट आवाजापेक्षा फरशीवर, स्लॅबवर आपटून आलेले आवाज जास्त पडतात, शिवाय टाळ, पंखे, मागे चाललेली कुजबुज. मशीन ते सगळंच मोठं करतं. म्हणून उपाय आवाज वाढवण्यात नाही. बुवांच्या माइकमधला आवाज मंडपातली हवा टाळून कानापर्यंत, नाहीतर डोळ्यांपर्यंत, न्यायचा. लूप, रिसीव्हर आणि अक्षरं या त्याच्या तीन वाटा. आमच्या मंडळात यावर सहा महिने चर्चा चालली, त्यातून हाती लागलेलं इथे मांडतो.

कॅटलॉग मागवण्याआधी एक काम करा: कान मोजा. आम्ही नेहमी येणाऱ्या मशीनवाल्या ११ जणांना विचारलं, तुमच्या मशीनमध्ये टी-कॉइल आहे का? ही तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. ती आवाज नाही, चुंबकीय क्षेत्र पकडते. लूपचं सगळं तिच्यावर चालतं. सहा जणांच्या मशीनमध्ये ती निघाली, पण पाच जणांकडे चालू केलेलीच नव्हती. ऑडिओलॉजिस्टने कॉम्प्युटरवर टी-प्रोग्रॅम घालून दिल्याशिवाय मशीनवरचं बटण दाबून काही होत नाही. दहा मिनिटांचं काम, पण कुणी मागितलंच नव्हतं. तिघांची मशीनं नवी, इवलीशी, चार्जिंगवाली होती. त्यांत जागा वाचवायला कॉइल काढून टाकलेली. दोघांना काहीच सांगता येईना, मशीनचा डबाही हरवलेला.

आता लूप. मंडपाच्या कडेने एक तार फिरवायची आणि तिच्यातून खास अँप्लिफायरने बुवांच्या आवाजाचा प्रवाह सोडायचा. तारेच्या आत बसलेल्या माणसाने मशीन टीवर टाकलं की आवाज थेट कानात. काही मागायचं नाही, गळ्यात घालायचं नाही, परत करायचं नाही. देवळात हा गुण फार मोठा, कारण आत्याच्या वयाची माणसं "मला ऐकू येत नाही, ते यंत्र द्या" असं काउंटरवर जाऊन सांगत नाहीत. मशिदीत रांगा सरकतात, चर्चमध्ये लोक उठतात-बसतात, तिथेही हीच सोय.

पण लूप म्हणजे तार टाकली आणि झालं, असं नाही. आम्ही अँप्लिफायर चार दिवसांसाठी उसना आणला, तार फरशीवर चिकटपट्टीने लावली आणि आत्याला सगळीकडे बसवून पाहिलं. मधोमध आवाज दबका, "तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखा" आला. फरशीखालच्या स्लॅबमधल्या सळयांचं ते काम. लोखंडी जाळी क्षेत्र खाते, त्यातही उंच पट्टीचे आवाज जास्त खाते, म्हणजे स, श, त, क हेच आधी जातात आणि शब्द ओळखता येत नाहीत. लूप जितका रुंद तितका हा त्रास मोठा. मोठ्या हॉलमध्ये म्हणून एका वेढ्याऐवजी शेजारी-शेजारी अनेक वेढे टाकतात. त्यांची रचना जाणकारानेच करायची, आपल्या मांडववाल्याने नाही.

दुसरी गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात दिसली नव्हती. आपल्याकडे म्हातारी माणसं कुठे बसतात? भिंतीला टेकून. आणि तार कुठून जाते? भिंतीच्या कडेने. कानामागच्या मशीनमधली कॉइल साधारण उभी असते, तिला उभं क्षेत्र लागतं. तारेच्या अगदी डोक्यावर क्षेत्र आडवं होतं. म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप, तेच बरोबर मुक्या पट्ट्यात. आम्ही त्या बाजूची तार भिंतीबाहेर प्रदक्षिणेच्या वाटेवरून नेऊन पाहिली, तेव्हा आत्याला टेकून बसूनही नीट ऐकू आलं. नमस्काराला मान पूर्ण वाकवली की आवाज जवळजवळ जातो, तो मात्र याच कारणाने जातो आणि त्याला इलाज नाही. माणसाला आधी सांगून ठेवावं, नाहीतर मशीन बिघडलं म्हणून तो घाबरतो.

तिसरी अडचण गुणगुण. ही तपासायला पैसे लागत नाहीत: लूप नसतानाच मंडपातले सगळे दिवे-पंखे चालू करा आणि टी-प्रोग्रॅम असलेल्या कुणालातरी फिरवा. आत्या मीटरच्या बोर्डाजवळ गेली आणि "इथे भुंगा आहे" म्हणाली. दिवे बंद केल्यावर भुंगा गेला तर दोष दिव्यांच्या वायरिंगचा. फेज आणि न्यूट्रल शेजारून धावले की त्यांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. इलेक्ट्रिशियनने न्यूट्रल दुसऱ्या वाटेने फिरवून आणली असेल तर ५० हर्ट्झचं क्षेत्र मोकळं सुटतं. आमच्याकडे तेच निघालं. हे दुरुस्त होत नसेल तर लूपचा नाद सोडलेला बरा.

बसवणाऱ्याकडून काय लिहून घ्यायचं, तेही सांगतो. मानक आहे आयईसी ६०११८-४. बोलण्याच्या जोराच्या क्षणी क्षेत्राची ताकद मीटरमागे ४०० मिलीअँपिअर हवी आणि जागेजागेला तीन डेसिबलहून जास्त कमी-जास्त नको. हे मीटरने मोजून दाखवायला सांगा, आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. खुर्चीवरचा कान जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर असतो. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्याचा त्याहून बराच खाली. आमच्याकडे दोन्ही असतात, म्हणून दोन्ही उंचींवर मोजलं.

रिसीव्हरच्या पद्धतीत तारेऐवजी एक प्रक्षेपक असतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती डबी. रेडिओवर चालणारा सेट भिंतीपलीकडे, मांडवातही पोचतो. इन्फ्रारेड मात्र प्रकाशासारखा: भिंत ओलांडत नाही, म्हणून बंद सभागृहाला आणि खासगी बैठकीला उत्तम. तीन बाजूंनी उघड्या सभामंडपात तो घेऊ नका, उन्हात तो मार खातो. रेडिओचा सेट घेताना त्याची फ्रिक्वेन्सी भारतात विनापरवाना चालते ना, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. परदेशातल्या भाच्याने आणलेला सेट इथे चालेलच असं नाही.

इथे बहुतेकांची एक समजूत चुकते. रिसीव्हर घेतला की टी-कॉइल लागत नाही, असं वाटतं. मशीन न काढता ऐकायचं तर गळ्यात नेकलूप घालतात, आणि तो छोटा लूपच आहे, त्यालाही टी-कॉइल हवीच. ज्यांच्याकडे ती नाही त्यांना मशीन काढून हेडफोन लावावा लागतो, किंवा मोठे गुबगुबीत हेडफोन मशीनवरून. मग कधीकधी शिट्टी वाजते. कमी ऐकणाऱ्या पण मशीन न लावणाऱ्या माणसाला मात्र नुसत्या लूपचा काही उपयोग नाही, त्याला डबी लागतेच.

किती डब्या? अमेरिकेतल्या अपंगत्व कायद्याच्या नियमात ५१ ते २०० जागांसाठी दोन, आणि पन्नासच्या पुढे दर २५ जागांना एक असा हिशोब आहे. त्यांतल्या किमान दोन मशीनबरोबर चालणाऱ्या. आमच्या १५० जणांच्या मंडपाला म्हणजे सहा. एवढ्याने भागेल. खरा प्रश्न डब्यांचा नाही, त्या रात्री चार्जिंगला लावणाऱ्या, कानाचे भाग पुसणाऱ्या आणि कीर्तन संपल्यावर गोळा करणाऱ्या माणसाचा आहे. तुमच्याकडे तो नेमका कोण, त्याचं नाव घेता येत नसेल तर सेट सहा महिन्यांत कपाटात जातो. भाड्याने दिल्या जाणाऱ्या, कायम व्यवस्थापक असलेल्या सभागृहाला मात्र मी हाच सुचवेन.

ब्लूटूथचं नवं ऑराकास्ट २०२२ मध्ये जाहीर झालं. एकाच प्रक्षेपकावरून कितीही जण ऐकू शकतात, आणि टी-कॉइल नसलेल्या नव्या मशीनवाल्यांना तोच मार्ग आहे. मशीन मात्र त्यासाठीचं हवं; आमच्या ११ जणांत असं एकच होतं. वायफायवरून फोनवर आवाज देणारी ॲपही आहेत. त्यांत आवाज थोडा उशिरा पोचतो. ओठ एक बोलतात आणि कान दुसरं ऐकतो, ओठांवरून अंदाज घेणाऱ्याला हे फार जाचतं.

अक्षरांचं गणित वेगळं. मशीननेही शब्द ओळखता येत नाहीत त्यांना फक्त अक्षरंच उपयोगी. आपोआप टिपून घेणारी फोनमधली ॲप मराठी घेतात, शांत व्याख्यानात बरं जमतं. कीर्तनात आम्ही करून पाहिलं: निरूपणात निम्मं बरं, अभंग सुरू झाला आणि मृदंगाची थाप पडली की पडद्यावर भलतंच. पण अभंग तर आधीच ठाऊक असतो! मग तो यंत्राने का ओळखायचा? अनेक गुरुद्वारांत शबद पडद्यावर आधीच तयार असतो, सेवेकरी ओळ पुढे सरकवतो. आम्ही तेच केलं. बुवांकडून बुधवारी अभंगांची यादी घ्यायची, बारावीतली एक मुलगी ओळी पुढे नेते. गंमत म्हणजे ऐकू येणारी मंडळीही आता पाठ फिरवून बसत नाहीत. निरूपण मात्र तसंच राहिलं, आणि पडदा गाभाऱ्याच्या बाजूला हवा. उलट्या दिशेला असला तर कुणी देवाकडे पाठ करून वाचणार नाही.

आम्ही शेवटी मंडपाच्या डाव्या अर्ध्या भागात लूप घातला, जिथे ज्येष्ठ बसतात तिथे. वेढा लहान, त्यामुळे सळयांचा त्रासही कमी. जोडीला दोन रिसीव्हर हेडफोनसह, आणि अभंगांचा पडदा. कान आणि टी हे निळं चिन्ह खांबावर लावलं. ऑडिओलॉजिस्टला एका रविवारी बोलावून पाचही जणांचा टी-प्रोग्रॅम चालू करून घेतला. याचा खर्च सगळ्यांत कमी आणि फरक सगळ्यांत जास्त. लूप पूर्ण मंडपाला घातला असता तर वायरिंग नव्याने करावी लागली असती, तेवढा निधी नव्हता.

एक चूक आमच्याकडून राहिलीच. लूपला आवाज मिक्सरवरून फेडरच्या आधी घेतला होता, म्हणजे साउंडवाल्याने मंडपातला आवाज खाली केला तरी लूपमध्ये माइक चालूच. पहिल्या गुरुवारी मध्यंतरात बुवा मृदंगवाल्याला हळूच म्हणाले, "आज चहात साखरच नव्हती." मंडपात कुणालाच ऐकू गेलं नाही. आत्या उठली आणि साखरेची वाटी घेऊन आली.