सोसायटीच्या गच्चीवर 16 किलोवॅट सोलर: सोलापुरातला वर्षभराचा हिशेब

जुळे सोलापुरातली 48 फ्लॅटची सोसायटी. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, बोअर, जिने आणि पार्किंगचे दिवे हे सगळं एकाच कॉमन मीटरवर. महिन्याला सरासरी 2,100 युनिट जळायचे आणि बिल 36 हजारांच्या पुढे जायचं. गच्चीवर 540 वॅटची 30 पॅनल बसवली, म्हणजे 16.2 किलोवॅट, आणि 15 किलोवॅटचा थ्री फेज इन्व्हर्टर. आता वर्षभराचे आकडे हातात आहेत. ज्या सोसायट्यांची कमिटी सध्या कोटेशन मागवते आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

सगळ्यात आधी क्षमता ठरवावी लागते, आणि ती गच्चीच्या क्षेत्रफळावरून ठरवू नये. राहत्या सोसायटीच्या कॉमन मीटरला महावितरणचा घरगुती दर लागतो, आणि तो टप्प्यांचा असतो: 100 पर्यंत, 300 पर्यंत, 500 पर्यंत आणि 500 च्या वर. एका कुटुंबाला 500 च्या वरचा टप्पा क्वचितच लागतो, पण सोसायटीचे बहुतेक युनिट त्यातच पडतात. आमच्या बिलात या टप्प्यातला युनिट वहन आकार आणि वीज शुल्क धरून 18 रुपयांच्या आसपास पडत होता. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे आयात आणि निर्यात दोन्ही मोजणाऱ्या मीटरवर, सोलरचे युनिट वजा झाल्यावर जे उरतं त्यालाच टप्पे लागतात. म्हणजे सोलर आधी सगळ्यात महाग युनिट खातं.

सोलापुरात एक किलोवॅट वर्षाला साधारण 1,400 युनिट देतो. 18 रुपयांनी ते 25 हजार रुपये झाले. पण महिन्याचे शेवटचे शंभर युनिट जेमतेम 7 रुपयांचे असतात. तिथे पोचलेला जादाचा किलोवॅट वर्षाला दहा हजारही वाचवत नाही. त्याहून पुढे गेलात तर उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होत राहतात आणि 31 मार्चला जे शिल्लक असेल त्याचे अगदी किरकोळ दराने पैसे मिळतात. आम्हाला एका विक्रेत्याने 25 किलोवॅट सुचवला होता. बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून हिशेब मांडला तेव्हा महिन्याला दोनशे-अडीचशे युनिट विकत घ्यावेच लागतील असा आकार धरणं शहाणपणाचं ठरलं. तो 16 किलोवॅटला आला.

प्रत्येक विंगला वेगळा कॉमन मीटर असेल तर सोलरच्या सोयीसाठी मीटर एकत्र करा असा सल्ला मिळतो. तो घाईने मानू नका. वेगळ्या मीटरना स्वस्त टप्पे दोन-दोन, तीन-तीनदा मिळतात. एकत्र केल्यावर तो फायदा गेला की कायमचा गेला.

क्षमता ठरल्यावर कागदपत्रं. इथे दोन गोष्टी आधी बघा, कारण दोन्हींना वेळ लागतो. पहिली म्हणजे बिलावरचं नाव. अनेक सोसायट्यांचं कॉमन मीटर आजही बिल्डरच्या नावावर आहे. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो आणि सबसिडी सोसायटीच्या बँक खात्यात येते. बिल एकाच्या नावावर आणि खातं दुसऱ्याच्या, असं असलं की प्रकरण शेवटच्या पायरीवर अडकतं. नाव आधी बदलून घ्या आणि बिल, पॅन कार्ड, खातं या तिन्हींवर नावाचं स्पेलिंगही एकच ठेवा. दुसरी गोष्ट मंजूर भार. सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त चालत नाही. आमचा भार 12 किलोवॅट होता, तो 17 करून घेतला. त्यासाठी वेगळा अर्ज आणि वाढीव अनामत रक्कम लागते, आणि ही रक्कम कुठल्याही कोटेशनमध्ये नसते.

ठराव सर्वसाधारण सभेचाच हवा, कमिटीचा पुरत नाही. ठरावात क्षमता, खर्चाची कमाल मर्यादा, पैसे उभे करण्याची पद्धत आणि सह्यांचे अधिकार स्पष्ट लिहा. आम्ही सिंकिंग फंडाला हात लावला नाही, फ्लॅटमागे 20 हजार वर्गणी काढली. सबसिडी काम पूर्ण झाल्यावर येते, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रक्कम सोसायटीकडे असावीच लागते. सभासदांना आधीच समजावून सांगा की प्रत्येकाच्या घरच्या बिलात फरक पडणार नाही, फायदा मेंटेनन्समधून मिळेल. हा गैरसमज शेवटपर्यंत डोकं वर काढतो.

सोसायट्यांसाठी सबसिडी किलोवॅटला 18,000 रुपये आहे. अर्ज pmsuryaghar.gov.in वर करायचा, विक्रेता तिथल्या यादीतलाच हवा आणि पॅनल डीसीआर, म्हणजे भारतात बनलेल्या सेलची, हवीत. सबसिडी धरताना पॅनल आणि इन्व्हर्टर यांपैकी जी क्षमता कमी ती धरतात. म्हणून आम्हाला 16.2 वर नाही, 15 वर मिळाली: 2,70,000 रुपये.

आता विक्रेता. किलोवॅटमागचा दर हा तुलनेचा सगळ्यात फसवा आकडा आहे. आम्ही चार कोटेशन घेतली आणि चौघांकडून एकाच नमुन्यात माहिती मागवली. मग दिसलं की सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये पॅनल डीसीआर नव्हती, जीएसटी वेगळा होता, आणि गच्चीपासून मीटर रूमपर्यंतची केबल 20 मीटर धरली होती, जी प्रत्यक्षात 45 मीटर लागते. जीएसटी नेहमी वेगळ्या ओळीत मागा. सोलरच्या पूर्ण कामात 70 टक्के वस्तू आणि 30 टक्के सेवा धरतात. सप्टेंबर 2025 मध्ये पॅनलवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हापासून एकूण कर 8.9 टक्के पडतो. जुन्या 13.8 टक्क्यांनी कोणी कोटेशन देत असेल तर विचारा.

पैसे देण्याचे टप्पे करारात घालताना शेवटचे 10 टक्के नेट मीटर बसून पहिलं बिल आल्यावरच, असं लिहा. पॅनल चढवणं आठवड्याभराचं काम आहे. रखडतो तो नेट मीटर. पैसे पूर्ण मिळाले की विक्रेत्याचा फोन लागेनासा होतो. पाच वर्षांची देखभाल करारातच घ्या आणि प्रत्येक पॅनलचा अनुक्रमांक लिहिलेली यादी डीसीआर प्रमाणपत्रासह ताब्यात घ्या.

स्ट्रक्चरकडे आमचं सगळ्यात जास्त लक्ष होतं, आणि ते योग्यच ठरलं. इथल्या जुन्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा असतो. कामगार ड्रिल करतात, अँकर बोल्ट आवळला जातो, वरून सगळं घट्ट दिसतं. पण तो बोल्ट विटांच्या तुकड्यांत आणि चुन्यात असतो, स्लॅबपर्यंत पोचलेलाच नसतो. मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात वारा पॅनलला खालून उचलतो, आणि कोबा ती ओढ सहन करू शकत नाही. शिवाय तिथूनच गळती सुरू होते ती वेगळीच. आमच्याकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरने कॉलमच्या जागांवर खुणा करून दिल्या, तिथला कोबा फोडून स्लॅबला जोडलेले काँक्रीटचे पेडेस्टल घेतले आणि वॉटरप्रूफिंग त्यानंतर केलं. उंच स्ट्रक्चर घेतलं, त्यामुळे खाली पापड-कुरडया वाळवायला जागा राहिली. लोखंड हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड आणि किमान 80 मायक्रॉन थराचं मागा. नुसता रंग मारलेलं नको.

सावलीचं एक उदाहरण. पहिल्या नकाशात एक रांग पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला होती. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य इथे सुमारे 49 अंशांवरच असतो. पॅनलपेक्षा 3 मीटर उंच टाकीची सावली तेव्हा अडीच मीटरच्या वर जाते, आणि सकाळी दहाला त्याहून लांब. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला ती दिसतच नाही. आम्ही ती रांग हलवली आणि 15-15 पॅनल एकापुढे एक जोडून केलेल्या दोन स्ट्रिंग इन्व्हर्टरच्या वेगवेगळ्या इनपुटवर घेतल्या.

या दोन स्ट्रिंगचा पुढे धुळीसाठी छान उपयोग झाला. एक स्ट्रिंग धुवायची, दुसरी तशीच ठेवायची आणि दुपारी बाराला दोन्हींचा करंट बघायचा. फेब्रुवारीत तीन आठवड्यांनी सहा-सात टक्के फरक दिसला, म्हणून कोरड्या दिवसांत पंधरा दिवसांनी धुलाई ठरवली. पाणी बोअरचं वापरू नका, क्षाराचे पांढरे डाग काचेवर बसतात आणि निघत नाहीत. धुणं सूर्य वर येण्याआधी, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते.

वर्षभरात सुमारे 22,600 युनिट झाले. मार्चमध्ये सगळ्यात जास्त, 2,300. जुलैत सगळ्यात कमी, 1,450. ऊन मेमध्ये जास्त असूनही मार्च पुढे, कारण 43 अंशांच्या दुपारी पॅनलचे सेल 65 अंशांच्या पुढे जातात आणि 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.3 टक्के निर्मिती घटते.

दोन बिघाड ओळखायला शिका. भर दुपारी निर्मितीच्या आलेखात दात्यांसारखे खड्डे दिसले आणि इन्व्हर्टरवर ग्रिड ओव्हरव्होल्टेजचा संदेश आला, तर पॅनलमध्ये दोष शोधू नका. लाइनचा दाब आधीच जास्त असतो आणि बारीक एसी केबलमुळे इन्व्हर्टरपाशी तो आणखी चढतो, म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. आमच्याकडे जाड केबल टाकल्यावर बहुतेक थांबलं. तरी न थांबल्यास ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलण्यासाठी अर्ज करावा लागतो. दुसरं, लाइट गेली की हा सोलरही बंद पडतो, तसा तो पडायलाच हवा. जनरेटर असेल तर सोलरची जोडणी चेंजओव्हर स्विचच्या महावितरणच्या बाजूला आहे ना, हे स्वतः उभं राहून तपासा. लोडच्या बाजूला असेल तर सोलरची वीज जनरेटरमध्ये उलटी शिरते आणि अल्टरनेटर जातो.

बिल आल्यावर दर महिन्याला एक पडताळा करा: सोलरची निर्मिती अधिक आयात युनिट वजा निर्यात युनिट, म्हणजे सोसायटीचा खरा खप. तो 2,100 च्या आसपास आला नाही तर मीटरच्या वाचनात चूक असू शकते.

खर्च असा झाला: काम करासह 8,90,000, आणि भारवाढ, मीटर, जादा केबल मिळून 35,000. सबसिडी वजा जाता 6,55,000. बिल आता पावसाळ्यात सात ते नऊ हजार आणि एरवी दोन ते चार हजार येतं. वर्षाची बचत 3,84,000, त्यातून धुलाईचे 18,000 गेले. म्हणजे पैसे 22 महिन्यांच्या आत सुटतात. महिन्याला 350 युनिटच वापरणाऱ्या छोट्या अपार्टमेंटला महाग टप्पा लागतच नाही, त्यांनी 3 किलोवॅटला अडीच ते तीन वर्षं धरावीत. पॅनल 25 वर्षं चालतील, पण इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागेल, म्हणून बचतीतले महिन्याला 2,000 रुपये आम्ही वेगळ्या ठेवीत टाकतो आणि बाकीचे मेंटेनन्समधून वळते करतो.