कुटुंबाच्या कंपनीत १२ टक्के: बोलणी, पिटिशन की कंपनी गुंडाळण्याचा अर्ज

आमची कंपनी आजोबांनी सुरू केली. कारखाना अंबरनाथला, ऑफिस दादरला. वडील गेल्यावर त्यांचे शेअर माझ्या नावावर आले आणि मी १२ टक्क्यांचा भागधारक झालो. बाकीचे ८८ टक्के दोन चुलत्यांच्या घरांत. संचालक मंडळावर माझं कुणी नाही, नऊ वर्षांत एकदाही लाभांश नाही, आणि थोरल्या चुलतभावाचा, म्हणजे दादाचा, पगार मात्र दर वर्षी वाढतोय. अशा जागी बसलेल्या माणसापुढे खऱ्या अर्थाने तीनच वाटा असतात. बसून बोलणी करून शेअर विकायचे, कंपनी कायद्याच्या कलम २४१-२४२ खाली, भागधारकावरच्या अन्यायाविरुद्ध, एनसीएलटीत म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या ट्रायब्युनलकडे पिटिशन करायची, किंवा कंपनीच गुंडाळा असा अर्ज द्यायचा. मी पहिली धरली, तिसरीचा विचार केला आणि दुसरीवर आलो. माझ्या परिस्थितीतून बोलतोय. तुमची वेगळी असू शकेल.

दिवाणी दाव्याचं आधी सांगून टाकतो. ट्रायब्युनलच्या अखत्यारीतला विषय दिवाणी कोर्टात नेता येत नाही, कलम ४३० आडवं येतं. मात्र शेअर मुळात कुणाचे हाच वाद असेल तर उलटं होतं. ओसवाल कुटुंबाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये मुलाला सांगितलं की वारसाहक्क आधी दिवाणी कोर्टात ठरवून घ्या. म्हणून वडिलांचे किंवा आईचे शेअर अजून तुमच्या नावावर चढले नसतील, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते करा. माझे चढलेले होते, ही माझ्या बाजूची मोठी गोष्ट ठरली.

बोलण्यांबद्दल माझ्या मनात अजूनही आदर आहे. आत्याने पुढाकार घेतला, दोन्ही घरांचा विश्वास असलेले एक सीए बसवले, दादरच्या ऑफिसात चहा घेत पाच बैठका झाल्या. खर्च जवळजवळ नाही, नात्यावर ओरखडा कमी, आणि भाव जमला तर सहा महिन्यांत पैसे हातात. दादाने सुरुवातीला पुस्तकी किमतीच्या निम्मा भाव सांगितला होता, तो वाढत वाढत बराच वर आला. आत्या म्हणायची, "अरे, कोर्टाची पायरी चढलास की लग्नकार्यातसुद्धा समोरासमोर येणार नाही तुम्ही." तिचं म्हणणं पुढे बऱ्याच अंशी खरं झालं.

पण बोलणी चालू असताना समोरच्याचे हात बांधलेले नसतात. माझा निर्णय या एका गोष्टीने केला, म्हणून ती सविस्तर सांगतो.

पाचव्या बैठकीनंतर, गौरी-गणपतीच्या आठवड्यात, कंपनीकडून ईमेल आला: राइट्स इश्यू, म्हणजे असलेल्याच भागधारकांना नवे शेअर विकत घ्यायची ऑफर. एका शेअरमागे एक नवा शेअर, भाव दर्शनी किमतीचा म्हणजे १०० रुपये, मुदत आठ दिवस. आठ दिवस वाचून मला ते बेकायदा वाटलं, कारण १५ दिवस लागतात असं डोक्यात होतं. तसं नाही. २०२१ पासून किमान मुदत सात दिवसांवर आली आहे. आणि सर्व भागधारकांना प्रमाणात देऊ केलेल्या राइट्स इश्यूला मूल्यांकनाचा अहवालही लागत नाही. कागदोपत्री सगळं ठीक होतं.

आता आकडे पाहा. कंपनीचे ५०,००० शेअर, त्यातले माझे ६,०००. नक्त मालमत्ता पुस्तकांप्रमाणे १२ कोटी, म्हणजे शेअरमागे २,४०० रुपये, आणि माझा वाटा १ कोटी ४४ लाखांचा. मी ६ लाख भरले नाहीत आणि माझ्या वाटचे नवे शेअरही त्यांनीच घेतले, तर एकूण शेअर १ लाख होतात, माझे ६,०००च राहतात, आणि १२ चे ६ टक्के होतात. मालमत्ता साडेबारा कोटी, शेअरमागे १,२५०, माझा वाटा ७५ लाख. आठ दिवसांत ६९ लाख एका घरातून दुसऱ्या घरात गेले असते, तेही कुणी माझ्या शेअरला हात न लावता.

६ लाख मी उभे केले असते. "निषेध नोंदवून भर" असं माझ्या वकीलबाईंनीही सुचवलं, आणि ज्यांना जमेल त्यांनी ते करावं असंच मीही म्हणेन. वाटा टिकतो आणि तक्रारही टिकते. पण अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त जेवढ्याचे शेअर काढू शकते ती मर्यादा, वाढवून पुढच्या वर्षी दुसरी फेरी आली असती, मग तिसरी.

हे आधी ओळखता येतं का? थोडंफार येतं. अधिकृत भांडवल आणि भरणा झालेलं भांडवल यांतलं अंतर पाहा. अंतर नसेल तर नवे शेअर काढण्याआधी भांडवल वाढवायला सभा घ्यावी लागते, तिची नोटीस तुम्हाला येते, म्हणजे इशारा मिळतो. आमचं अधिकृत भांडवल १ कोटी होतं आणि भरणा झालेलं ५० लाख, म्हणून थेट घाव बसला. हे दोन्ही आकडे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर कुणालाही दिसतात. मी ते आधी पाहिलेच नव्हते.

एनसीएलटीचं मुंबई खंडपीठ कफ परेडला आहे. दाराशी पहिला प्रश्न असतो पात्रतेचा, आणि इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो जो माझाही होता. १० टक्के भांडवल हवं एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. कलम २४४ मध्ये दुसरा पर्यायही आहे: १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यांतला जो आकडा कमी तो. आमच्याकडे सभासद नऊ. त्यांचा दशांश एकापेक्षा कमी, म्हणजे मी एकटा पुरेसा, मग माझे शेअर किती का असेनात. पण हीच जागा समोरच्यालाही माहीत असते. तीन सुनांच्या नावे एकेक शेअर केला की सभासद बारा होतात, दशांश १.२ होतो आणि दोन माणसं लागतात. टक्का दहाच्या खाली आणला आणि डोकी वाढवली, दोन्ही एकदम केलं तर दार बंद होतं. मग ट्रायब्युनलकडे सवलत मागावी लागते, ती मिळेलच असं नाही. म्हणून पिटिशन करायचीच असेल तर इश्यूची मुदत संपण्याआधी करणं मला शहाणपणाचं वाटलं.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. लाभांश देत नाहीत, संचालक केलं नाही, एवढ्यावर पिटिशन उभी राहत नाही. टाटा-मिस्त्री प्रकरणात २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने पदावरून काढणं एवढीच गोष्ट पुरेशी मानली नाही. शेअर काढण्यामागचा हेतू मात्र तपासला जातो. डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात, २००४ च्या निकालात, संचालकाने ताबा मिळवण्यासाठी स्वतःला शेअर दिले म्हणून ते वाटप रद्द झालं. माझ्याकडे सगळ्यात कामाचा कागद होता तो कंपनीचाच ताळेबंद. पत्रात लिहिलं होतं "खेळत्या भांडवलाची निकड", आणि ताळेबंदात बँकेतल्या मुदत ठेवी होत्या १ कोटी ८० लाखांच्या. ५० लाखांसाठी राइट्स इश्यू कशाला, याचं उत्तर समोरून शेवटपर्यंत आलं नाही.

मुदतीच्या सहाव्या दिवशी पिटिशन दाखल झाली, तातडीची सुनावणी मिळाली, आणि माझ्या वाटचे ६,००० शेअर पुढचा आदेश होईपर्यंत कुणालाही देऊ नयेत असा अंतरिम आदेश झाला. बोलण्यांच्या पाच बैठकांत जे मिळालं नव्हतं ते या एका पानावर होतं.

या वाटेची उणी बाजूही खरी आहे. दिवाळखोरीची प्रकरणं त्याच खंडपीठांपुढे चालतात, त्यामुळे तारीख लागते आणि दिवसाच्या यादीत आपला नंबर येतच नाही. कफ परेडला पूर्ण दिवस घालवून हात हलवत परतण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली. मी दोन वर्षं वार्षिक सभांना गेलो नव्हतो, ते माझ्याविरुद्ध वापरलं गेलं. जुन्या तक्रारींना तीन वर्षांची मुदत लागते, त्यामुळे दादाच्या पगाराचा जुना भाग बाजूला पडला. आणि आत्याच्या घरच्या मुंजीला आम्ही दोघं दोन टोकांना बसलो होतो.

कंपनी गुंडाळण्याचा अर्ज, न्याय्य आणि उचित कारणासाठी, कलम २७१ खाली, वकिली दृष्टीने सर्वांत जास्त दबाव आणतो असं मला एकाने सांगितलं होतं. दबाव असेलही. पण त्या अर्जाची जाहिरात सुनावणीआधी वर्तमानपत्रात द्यावी लागते, इंग्रजीत आणि मराठीत. बँकेने ती वाचली की कर्जमर्यादा आवळली जाणार, पुरवठादार रोख मागणार, आणि ज्या वाट्याचे पैसे मला हवेत त्याचीच किंमत उतरणार. शिवाय दुसरा उपाय हाताशी असताना तुम्ही अवाजवीपणे हाच मागताय असं वाटलं तर ट्रायब्युनल नकार देऊ शकतं. अंबरनाथला ६० कामगार आहेत, त्यांतले काही माझ्या वडिलांच्या वेळचे. माझं मन तिकडे वळलंच नाही. कंपनी आधीच बंद पडलेली असेल, जमीन तेवढी उरली असेल आणि दोन घरं एकमेकांशी बोलतही नसतील, तर हा अर्ज रास्त ठरू शकतो.

माझ्याकडे गंमत अशी झाली की पिटिशनने पुन्हा बोलणीच घडवून आणली, पण आता हात दोघांचेही बांधलेले होते. कलम २४२ खाली ट्रायब्युनल एकाचे शेअर दुसऱ्याला घ्यायला लावू शकतं, त्यामुळे "बाहेर पडायचं आहे" ही मागणी मी सुरुवातीपासून स्पष्ट लिहिली होती. संचालक बदला, हिशेब तपासा, असल्या मागण्या वकीलबाईंनी मुद्दाम कमी ठेवल्या. दीड वर्षाने संमतीने स्वतंत्र मूल्यांकनकार नेमला. खरं भांडण तिथे झालं. अंबरनाथची भाडेपट्ट्याची जमीन पुस्तकांत जुन्या खर्चाने होती. ती आजच्या भावाने धरली तर शेअर ४,१०० चा. त्यांचं म्हणणं, अल्पमतातल्या शेअरला कोण विचारतो, ३० टक्के वजा करा. आमचं म्हणणं, कंपनी कुटुंबातल्या भागीदारीसारखी चालली आणि बाहेर पडण्याची वेळ आमच्यावर तुम्ही आणलीत, मग वजावट कसली. मूल्यांकनाची तारीख पिटिशनची धरली, त्यामुळे मधल्या काळातल्या पुस्तकी खेळांना जागा राहिली नाही. शेवटी ३,४०० वर जमलं: ६,००० शेअर, २ कोटी ४ लाख, तीन हप्त्यांत.

हप्त्यांवर मी एक अट लावून घेतली, ती तुम्हीही विसरू नका. प्रत्येक हप्त्याला तेवढेच शेअर हस्तांतरित होतील, बाकीचे तिसऱ्या माणसाच्या ताब्यात राहतील, आणि हप्ता चुकला तर उरलेल्या शेअरवरचे माझे सगळे हक्क कायम राहतील, हे संमतीपत्रात लिहून ट्रायब्युनलच्या आदेशाचा भाग करून घेतलं. दुसरा हप्ता सात आठवडे उशिरा आला तेव्हा ती ओळ उपयोगी पडली. तिसरा वेळेवर आला. तो चेक घेऊन आत्याच आली होती.